रजा घेऊनही थकवा जात नाही, मदत हवी आहे

दमलेला_गडी
मंडळी, थोडक्यात सांगतो. गेली काही वर्षं काम खूप आहे. दिवाळीत आठवडाभर कोकणात जाऊन आलो, तरी सोमवारी सकाळी जिन्यावरच पाय जड झाले. पूर्वी एखाद्याचं काम मार्गी लागलं की बरं वाटायचं. आता समोर माणूस बसला की हा कधी उठेल एवढंच मनात येतं. काय करावं? कृपया 'सकारात्मक राहा' नको.

माईसाहेब
नोकरी कसली? वय? झोप किती? काहीच लिहिलं नाहीत.

सह्याद्रीकर
इगतपुरीला विपश्यना करा. दहा दिवस मौन, फोन पहिल्याच दिवशी जमा. मी नवा माणूस होऊन आलो.

माईसाहेब
आणि अकराव्या दिवशी तोच साहेब, तीच खुर्ची! आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, टीएसएच, बी१२. माझ्या जावेला सगळे आळशी म्हणत होते, निघालं थायरॉइड.

दमलेला_गडी
सरकारी बँक, ग्रामीण शाखा, मॅनेजर. वय ३८. झोप लागते, पण पहाटे चारला डोळे उघडतात आणि एसएमए-२ ची, म्हणजे हप्ते थकलेल्या कर्जांची यादी आठवते. पीककर्जाचं नूतनीकरण, विम्याचं टार्गेट, संध्याकाळी व्हीसी. शाखेत अधिकारी दोनच, मी आणि एक नवीन मुलगी.

कोडवाला_पुणे
बँकेत पाचला शटर बंद ना? आमच्याकडे रात्री अकराला अमेरिकेचा कॉल असतो.

निवृत्त_लेजर
शटर गिऱ्हाइकांसाठी बंद होतं हो. आत या कधीतरी.
गडी, कोकणात फोन चालू होता का?

दमलेला_गडी
चालूच ठेवावा लागतो. कॅश टॅली होईना म्हणून गणपतीपुळ्याच्या रांगेतून तासभर बोलत होतो.

निवृत्त_लेजर
मग ती रजा झालीच नाही, फक्त जागा बदलली. रिझर्व्ह बँकेचं २०२१ चं परिपत्रक वाचा. संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामकाजी दिवस सक्तीची रजा, तीही आधी न कळवता. त्या काळात ऑफिसचा ईमेल सोडला तर कामाच्या कुठल्याही प्रणालीत शिरायचं नाही. नियम आहे घोटाळे पकडण्यासाठी, तुमच्या तब्येतीसाठी नव्हे. पण रजा खरी मिळते, कारण तुमच्या जागी दुसरा माणूस बसवावाच लागतो. तुमचं पद त्या यादीत आहे का, हे बँकेच्या धोरणात बघा. प्रत्येक बँकेची यादी वेगळी असते.

सरकारी_जावई
व्हीआरएस घ्या. वीस वर्षं झाली की पेन्शन पक्की.

निवृत्त_लेजर
३८ व्या वर्षी वीस वर्षं कुठून आणणार? शिवाय एप्रिल २०१० नंतर लागलेल्यांना एनपीएस आहे, जुनी पेन्शन नाही. त्यांनी हे विचारलेलंही नाही.

मनमोकळी
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. एकच विचारते. बँकेचा विषय पूर्ण बाजूला असताना कशात मन रमतं का?

दमलेला_गडी
भाच्याबरोबर क्रिकेट खेळताना रमतं. पण रविवारी चार वाजता ग्रुपवर उद्याच्या लॉगिन डेचा, म्हणजे टार्गेटच्या दिवसाचा मेसेज येतो आणि संपलं. तबला मात्र वर्षभरात उघडलेला नाही.

मनमोकळी
क्रिकेटमध्ये मन लागतं, म्हणून ही दमणूक बरीचशी कामातून आलेली वाटते. जागतिक आरोग्य संघटनाही बर्नआउटला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हणते. शक्ती संपणं, माणसांबद्दल कोरडेपणा, आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं, ही तिची लक्षणं. समोरचा कधी उठेल, हा तुमचा विचार त्यातलाच. पण पहाटे चारची जाग आणि सुटलेला तबला यावरून नैराश्यही शिरत असेल. ते इथे बसून ठरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटाच. जिल्ह्याला जाणं जमेपर्यंत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे. जगणं नको वाटू लागलं तर मात्र त्याच दिवशी. माईसाहेबांच्या तपासण्याही करा, त्यात चूक काही नाही.

सह्याद्रीकर
म्हणजे विपश्यनेला विरोधच.

मनमोकळी
विरोध नाही. नैराश्य असेल तर दहा दिवसांचं मौन काहींना जड जातं, म्हणून आधी डॉक्टर. शिवाय परत येऊन तेच काम तसंच असेल, तर कुठल्याही सुट्टीचा गुण काही आठवड्यांत उतरतो.

दमलेला_गडी
पण चार्ज देऊ कुणाला? तिजोरीच्या चाव्या दोघांकडे मिळून असतात. मी गेलो तर ती एकटी.

निवृत्त_लेजर
ते क्षेत्रीय कार्यालयाने बघायचं. डेप्युटेशनवर अधिकारी मागा, फोनवर नको, मेलवर. रजेच्या तारखा आणि तोवर दुसरी चावी कोण धरणार हा प्रश्न, एवढंच लिहा. दमलोय वगैरे त्यात लिहू नका.

माईसाहेब
का नको? लपवायचं कशाला?

निवृत्त_लेजर
ताई, ते वाचणारा स्वतःच दमलेला असतो.

दमलेला_गडी
मेल केला. उत्तर आलं, 'मार्चनंतर बघू'. टीएसएचला शनिवारी जातोय.

निवृत्त_लेजर
तारीख लेखी मागा. एप्रिलमध्ये ऑडिट असतं, जूनमध्ये पीककर्ज.