हनुवटीवरचे चुकार केस : चिमट्याने उपटावेत की कापावेत?

केतकी
माझे वय 38 आहे. हनुवटीवर पाच आणि डाव्या जबड्याच्या कडेला चार असे नऊ जाड काळे केस गेली सहा वर्षे येतात. मी ते चिमट्याने उपटते. हल्ली त्या जागी तपकिरी डाग राहू लागले आहेत आणि जबड्याकडचे दोन केस तर कातडीच्या आतच वाढलेले दिसतात. उपटणे सोडून कापायला लागावे का? कापल्याने केस राठ होतात असे घरात सगळ्याजणी सांगतात. पाळी नियमित आहे.

अबोली
केतकी, आजच चिमटा कपाटात ठेवून द्या. मी अकरा वर्षे उपटत होते आणि माझ्या हनुवटीखाली अजूनही करड्या ठिपक्यांची एक रांग आहे. केसांपेक्षा ते डागच लोकांच्या नजरेत आधी भरायचे, हे मला फार उशिरा कळले. आता मी भुवयांसाठी मिळते तसली बॅटरीवरची लहान ट्रिमर वापरते. तिचे डोके बोटाच्या पेराएवढे असते आणि पाते थेट कातडीला लागत नाही, त्यामुळे कापण्याची भीती नसते. दर तिसऱ्या दिवशी सकाळी, चेहरा कोरडा असताना, दोन मिनिटांत काम होते. बोट फिरवले तर खुंट किंचित जाणवतात हे खरे आहे, पण हातभर अंतरावरून काहीही दिसत नाही. नवे डाग येणे बंद झाले, हा माझ्यासाठी सर्वांत मोठा लाभ आहे.

निशिगंध
अबोलीताईंचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु मी 18 वर्षे पार्लर चालवते आहे आणि माझे मत नेमके उलट आहे. केस मुळासकट निघाला की तीन-चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ, ती जागा गुळगुळीत राहते. कापलेला केस मात्र तिसऱ्या दिवशी टोचू लागतो. ज्या बायकांनी चेहऱ्यावर रेझर फिरवला त्यांचे केस पुढे दाट आणि राठ झालेले मी स्वतः पाहिले आहेत. नऊच केस असतील तर महिन्यातून एकदा दोऱ्याने काढून घ्यावेत. घरी चुकीच्या दिशेने ओढल्यामुळे केस मध्येच तुटतो आणि डाग पडतात. दोष उपटण्याचा नसून हाताचा आहे.

जाईजुई
त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात साहाय्यक म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे आणि हनुवटीचे डाग घेऊन येणाऱ्या बायका रोज पाहिल्या आहेत. निशिगंधताईंचे एक म्हणणे बरोबर आहे आणि एक नाही.

आधी बरोबर ते. केस अर्धवट तुटला तर त्याचे टोक कातडीच्या पातळीखाली राहते आणि वाढताना बाहेरचे छिद्र न सापडल्यामुळे ते आडवे सरकते. म्हणून ओढण्याची दिशा महत्त्वाची आहे. मात्र केस मुळासकट नीट निघाला तरी धोका संपत नाही. नव्याने उगवणारा केस बारीक, निमुळत्या टोकाचा असतो आणि त्याला वर येण्यासाठी कातडीतला सगळा रस्ता पुन्हा कापावा लागतो. जबड्याच्या कडेला केस बहुतेक वेळा कातडीला लगटून, तिरपे वाढतात. त्यातच तो थोडा कुरळा असेल तर आतच वळतो. शरीर त्याला काट्यासारखे समजते, जागा लाल होते, पुटकुळी येते आणि आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या कातडीत ती सूज ओसरल्यावर तपकिरी खूण मागे राहते. हात कितीही तयार असला तरी हे टळत नाही. दोऱ्यानेही केस मुळातूनच निघतो, तेव्हा तिथेही हाच धोका आहे.

आता राठपणाविषयी. भातकापणी झालेल्या खाचरातून अनवाणी चाललेल्या माणसाला विचारा. उभ्या पिकाचा शेंडा हाताला मऊ लागतो आणि कापणीनंतरचे धसकट पायाला टोचते, पण म्हणून काही रोपाचा बुंधा जाड झालेला नसतो. केसाचेही तसेच आहे. कापल्यावर निमुळते टोक जाते आणि मधला जाड भाग वर दिसतो. मूळ कातडीच्या आत, पात्याच्या आवाक्याबाहेर असते. पार्लरमध्ये वर्षानुवर्षे येणाऱ्या बाईचे केस वाढलेले दिसतात, कारण पस्तिशी-चाळिशीनंतर हनुवटीवरची मऊ लव एकेक करून जाड केसात बदलत जाते. ती रेझर वापरत नसती तरी हे झालेच असते.

रघुनाथ
मी इथे आईसाठी वाचतो आहे. तिचे वय 71 आहे, हनुवटीवर सात-आठ पांढरे, तारेसारखे केस येतात आणि तिला त्यांचा फार संकोच वाटतो. हात थरथरत असल्यामुळे चिमट्याने कातडी ओरबाडली जाते. शेजारच्या बाईंनी लेझर सुचवले आहे. तेच करून टाकावे का?

जाईजुई
रघुनाथदादा, पांढऱ्या केसांवर लेझरचा उपयोग होत नाही. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगाकडून शोषला जातो आणि त्या उष्णतेने मूळ निकामी होते. रंगच नसेल तर मुळापर्यंत काही पोहोचत नाही आणि पैसे वाया जातात. आईंसाठी अबोलीताईंनी सांगितलेली लहान ट्रिमर घ्या आणि ती तुम्ही किंवा घरातल्या कोणीतरी त्यांना खिडकीच्या उजेडात फिरवून द्या. पांढरा केस समोरून दिसत नाही, बाजूने उजेड पडला की चमकतो.

निशिगंध
जाईजुई, तुमचे धसकटाचे उदाहरण पटण्यासारखे आहे आणि रेझरविषयीचे माझे मत मी पुन्हा तपासून पाहीन. तरीही एक गोष्ट तुम्ही दोघी हलकी करून टाकता आहात. ज्या बाईला मूल गालाला गाल लावते, जिचा नवरा हनुवटीला हात लावतो, तिला खुंट टोचणे हा लहान प्रश्न नसतो. माझ्याकडे बायका याच कारणाने येतात. दिसण्यापेक्षा स्पर्शाची लाज त्यांना जास्त असते. त्यांना दर तिसऱ्या दिवशी कापत बसा, असे मी सांगू शकत नाही.

अबोली
हे मला मान्य आहे. माझ्या मुलीनेही एकदा विचारले होते, “आई, इथे का टोचते?” पण मी डाग आणि खुंट यांतून खुंट निवडले, कारण खुंट दोन मिनिटांत जातात आणि डाग जायला वर्ष लागते.

सोनटक्का
मी केस काढायचे क्रीम वापरते. वास उग्र येतो, पण खुंट टोचत नाहीत. ते का नको?

जाईजुई
क्रीम केस कातडीच्या पातळीशी विरघळवते, त्यामुळे टोक मऊ राहते आणि टोचणे कमी होते, हा त्याचा खरा फायदा आहे. परंतु जे रसायन केस विरघळवते ते कातडीलाही सोडत नाही. हातापायांचे क्रीम हनुवटीवर लावून भाजल्यासारखे चट्टे घेऊन आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. वापरायचेच असेल तर चेहऱ्यासाठीचे वेगळे घ्यावे, आधी कानाखाली थोडेसे लावून 24 तास थांबावे आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये. मुरुमांसाठी रात्री रेटिनॉइडचे क्रीम लावणाऱ्या बाईने मात्र हे क्रीम आणि वॅक्स दोन्ही चेहऱ्यापासून दूर ठेवावे. त्या क्रीमने वरचा थर नाजूक झालेला असतो आणि वॅक्सबरोबर कातडीच सोलून निघते.

केतकी, तुमच्या नऊ केसांना एकच उपाय लावू नका. आरशासमोर बसून त्यांची दोन गटांत विभागणी करा. हनुवटीच्या मध्यावरचे जे केस सरळ बाहेर येतात आणि ज्यांच्या जागी डाग नाही, ते उपटायला माझी हरकत नाही. आंघोळीनंतर कातडी मऊ असताना, स्पिरिटने पुसलेल्या तिरप्या टोकाच्या चिमट्याने केस अगदी तळाशी धरा, दुसऱ्या हाताने कातडी ताणा आणि केस ज्या दिशेला झुकला आहे त्याच दिशेने एका संथ ओढीत काढा. जबड्याकडचे चारही केस मात्र निदान दोन महिने उपटू नका. ते ट्रिमरने मिलिमीटरभर ठेवून कापा. अगदी कातडीला लागून, उलट्या दिशेने वस्तरा फिरवला तर कापलेला केसही आत वळू शकतो.

आत अडकलेल्या दोन केसांसाठी सुई, नख, काहीही खुपसू नका. कोमट पाण्यात भिजवलेला कपडा दिवसातून दोनदा दहा मिनिटे ठेवा. केसाचे वळण वर दिसू लागले तर टोक नुसते मोकळे करा, ओढू नका. बरेच काळे डाग केसापेक्षा त्याला शोधत उकरणाऱ्या बोटांनी पडतात. आणि डागांवर ऊन पडू देऊ नका, सनस्क्रीन लावा, नाहीतर ते फिकट व्हायच्या ऐवजी गडद होतील.

काही महिन्यांतच केस भराभर वाढले, पाळी चुकू लागली, डोक्यावरचे केस विरळ झाले किंवा आवाज जाड झाला, तर चिमटा की ट्रिमर हा प्रश्न बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

केतकी
सात आठवड्यांनी लिहिते आहे. जबड्याकडचा एक केस पाचव्या दिवशी स्वतःच वर आला, छोट्या कंसासारखा वाकलेला होता. दुसरा तीन आठवडे हलला नाही. एकदा मोह होऊन मी नखाने टोकरले आणि तिथे पुन्हा गाठ आली. ती बसायला दहा दिवस लागले. बाकी नवा डाग एकही नाही, जुने थोडे फिकट झाले आहेत. हनुवटीवरचे पाच मी अजून उपटते. पण जबड्याकडचे खुंट मला दुपारनंतर जाणवतात, हात सारखा तिथे जातो आणि याची सवय होईल असे वाटत नाही.

जाईजुई
चारच केस त्रास देत असतील तर इलेक्ट्रोलिसिसचा विचार करा. त्यात प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विजेच्या प्रवाहाने ते मूळ नष्ट करतात. केसाचा रंग कोणताही चालतो. त्याच केसासाठी पुन्हा पुन्हा जावे लागते, दुखते आणि हात कच्चा असेल तर डाग पडू शकतो, म्हणून तुमच्यासारख्या कातडीवर काम केलेली व्यक्तीच शोधा. पुढे कधी लेझरकडे वळायचे ठरवलेच, तर त्याआधी चार ते सहा आठवडे उपटणे बंद ठेवावे लागते. मूळच जागेवर नसेल तर लेझर कशावर काम करणार? कापलेले चालते. मात्र जबड्यावर लेझरनंतर काही बायकांना आजूबाजूची लव उलट दाट झालेली आढळली आहे, तेव्हा मोजक्या केसांसाठी मी ते सुचवणार नाही.

निशिगंध
चार केसांसाठी सुईच्या इतक्या फेऱ्या? मी अजूनही म्हणेन की डाग पूर्ण फिकट झाल्यावर एकदा जाणत्या हाताकडून दोऱ्याने काढून पाहा आणि तीन आठवडे जागेवर लक्ष ठेवा. लाल झाले नाही तर तोच मार्ग ठेवा.

अबोली
आणि लाल झाले तर पुन्हा सात आठवडे मागे. केतकी, मी तुमच्या जागी असते तर ही परीक्षा घेतली नसती.

केतकी
उजव्या बाजूला नुकताच एक नवा केस आला आहे, तिथे अजून कधी चिमटा लागलेला नाही. त्या एका केसावर दोरा करून पाहीन. डाव्या बाजूला हात लावत नाही.