तापाचा तक्ता: डॉक्टरांना खरंच उपयोग होतो का?

रानवारा: नवऱ्याला चार दिवसांपासून ताप आहे. सासूबाई दर तासाला ताप मोजून वहीत लिहितात. पण नुसत्या आकड्यांवरून डॉक्टरांना काय कळणार? रक्त तर तपासणारच ना?

कासव: माझंही हेच मत. झोपलेल्या माणसाला उठवून थर्मामीटर लावणं म्हणजे छळ. चार दिवस झालेत, वही ठेवा बाजूला आणि रक्त तपासून घ्या.

वॉर्डसिस्टर: तपासणी कराच, आणि झोपमोडही नको. चार-सहा तासांनी मोजलं तरी पुरे, मध्येच थंडी वाजली तर तेव्हाही मोजा. पण वहीत गोळीची वेळ आहे का? ती नसेल तर आकडे फसवतात. सकाळी ८ला पॅरासिटामॉल दिली, १०ला ताप ९९, दुपारी २ला पुन्हा १०२. हा चढउतार आजाराचा नाही, गोळीचा असर ओसरल्याचा आहे. म्हणून आधी मोजायचं, लिहायचं, मग गोळी द्यायची.

शेवंता: काखेत लावत असाल तर एक मिळवून लिहा, काखेत कमी दाखवतो.

वॉर्डसिस्टर: कमी दाखवतो हे खरं, पण मिळवू नका. दिसला तो आकडा लिहा, पुढे ‘काख’ लिहा. घरातला एक मिळवतो, दुसरा नाही, मग तक्ताच बिघडतो.

पाऊलखूण: माझ्या भावाच्या वेळी वहीच उपयोगी पडली. सोमवारी दुपारी ४ला हुडहुडी, १०३. रात्री घामाने चादर भिजली. मंगळवारी दिवसभर गोळीशिवाय ९८.४. बुधवारी साडेतीनला पुन्हा तशीच हुडहुडी. डॉक्टरांनी त्या तीन ओळींवर बोट ठेवलं आणि लगेच मलेरियासाठी रक्त पाठवलं. निघाला.

कासव: पण मंगळवारी ‘बरा झाला’ म्हणून घरीच बसला असता तर? शिवाय मलेरियाचा ताप दर वेळी एक दिवसाआड येतो असं कुठे आहे?

वॉर्डसिस्टर: नाहीच येत. सुरुवातीला रोजही येतो, एका प्रकारात तर ताळमेळच नसतो. त्यामुळे नमुना दिसायची वाट बघत तपासणी लांबवायची नाही, हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण तपासणी एका क्षणाची असते. मधले चार दिवस कसे गेले ते वहीच सांगते.

कासव: तोंडी विचारूनही कळतं की.

पाऊलखूण: आम्हाला मंगळवार आठवतच नव्हता हो. वहीत होता म्हणून सांगता आला.

रानवारा: आत्ताच वही बघितली. आज सकाळपासून ९८.८, गोळी न घेता. सगळे खूश आहेत. फक्त तीनदा उलटी झाली आणि पोट दुखतंय म्हणतात, ते लिहायला रकानाच नाही. कुठे लिहू?

वॉर्डसिस्टर: समासात लिहा, पण गाडीत बसल्यावर. डेंग्यूत ताप उतरतानाच तब्येत बिघडू शकते, आणि पोटदुखी नि वारंवार उलटी ही त्याचीच धोक्याची खूण. शेवटची लघवी कधी झाली तेही विचारून लिहा. आत्ता निघा, उद्यावर ढकलू नका.

कासव: यावर माझं काहीच दुमत नाही. निघा.