मदत हवी आहे: रमच्या बाटलीवर 42.8 खरं की 75?

कपाशीवाला_यवतमाळ
राजे हो, साळा फौजेत आहे, सुट्टीवर येताना रमचा खंबा घेऊन आला. लेबलवर लिहिलंय 42.8 टक्के, त्याच्याच खाली 75 डिग्री प्रूफ, अन् बाजूले 25 यू.पी. सासरे म्हणतात 75 टक्के आहे, अर्धा पेगच पुरे. चुलतभावानं दुबईहून व्हिस्की आणली, तिच्यावर 40 टक्के, 12 इयर्स ओल्ड, ब्लेंडेड माल्ट. ब्लेंडेड म्हणजे भेसळ का भाऊ? अन् कडक कोणती?

तूरडाळ
यू.पी. म्हणजे उत्तर प्रदेशात बनली. ब्लेंडेड म्हणजे मिक्स, सिंगल माल्टच ओरिजिनल.

जुना_बॉटलिंगवाला
यू.पी. म्हणजे अंडर प्रूफ हो, उत्तर प्रदेश नाही 😀 जुन्या ब्रिटिश मापात 100 प्रूफ म्हणजे 57.1 टक्के अल्कोहोल. 25 अंडर म्हणजे 75 उरले, अन् 57.1 चे पाऊण काढा, येते 42.8. एकच गोष्ट तीनदा लिहिली आहे. सासऱ्यांले सांगा टक्केवाला आकडाच पाहायचा. अमेरिकन बाटलीवर प्रूफ म्हणजे टक्क्याची दुप्पट, तिथं 80 प्रूफ म्हणजे 40 टक्के, म्हणून नुसत्या प्रूफवर जाऊच नका. तुमच्या 60 मिलीच्या पेगात रममधून साडेपंचवीस मिलीच्या वर शुद्ध अल्कोहोल जाते, व्हिस्कीतून 24. कडक रम, पण इतक्यानं काय फरक पडते!

आता ब्लेंडेड. स्कॉचवर 'ब्लेंडेड माल्ट' असलं तर आतमधी सगळी माल्टच, फक्त एकापेक्षा जास्त डिस्टिलरीची. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची. नुसतं 'ब्लेंडेड' असलं की माल्टमधी ग्रेन व्हिस्की मिसळलेली. तिघीतली कोणतीच भेसळ नाही. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत मात्र पुष्कळदा मळीचं स्पिरिट असते, मागचं बारीक छापलेलं वाचत जा.

भाकरी_ठेचा
माह्याकडं लग्नातली 12 वर्षंवाली बाटली आहे, 15 वर्षं झाली कपाटात. आता 27 ची झाली न?

जुना_बॉटलिंगवाला
नाही भाऊ, 12 चीच. वय लाकडाच्या पिंपात वाढते, काचेत नाही. अन् तो 12 आतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचा आकडा आहे, बाकी जुनी असू शकते. बाटलीची पातळी उतरली असंल तर बूच खराब झालं समजा.

तूरडाळ
पण सिंगल माल्टच भारी असते, ह्याच्यावर मी ठाम आहे.

जुना_बॉटलिंगवाला
चव तुमची, लेबलाचं एवढंच.

कपाशीवाला_यवतमाळ
आत्ता रमची बाटली उलटीपालटी करून पाहिली, कुठंच वर्षं नाही, नुसतं 'मॅच्युअर्ड'. मग ही किती वर्षांची?

जुना_बॉटलिंगवाला
आकडा नसला तर लेबलवरून कळत नाही. अन् नावात नुसता आकडा असला, पुढं 'इयर्स' नसलं, तर ते वय धरू नका.

कपाशीवाला_यवतमाळ
हाव. सासऱ्यांले पाऊणचा हिशोब कागदावर करून दाखवला, ते म्हणतात मग 75 छापलं कायले?