पहिल्या किसनंतर सकाळी तो एकदम तुटक: थांबायचं की विचारायचं?

पोवईनाका: मी साताऱ्याचीच, बँकेत नोकरी. तो पुण्यात असतो, शनिवार-रविवार घरी येतो. शनिवारी तिसऱ्यांदा भेटलो. चार भिंतीच्या टेकडीवर बसून खूप बोललो, खाली आल्यावर गाडीत पहिला किस झाला. पुढाकार त्याचा, पण मलाही हवा होता. रात्री ‘पोचलीस का’ म्हणून विचारलंनही. रविवार सकाळपासून मात्र ‘हम्म’, ‘बघतो’, ‘कामात आहे’. एरवी सकाळचा पहिला मेसेज त्याचाच असतो. आज सोमवार दुपार. माझं काही चुकलं का? थांबू की विचारू?

कोरेगावकर: थांबूही नकोस, विचारूही नकोस. हवं ते मिळालं, विषय संपला. भेटीत माणूस कितीही गोड बोलो, दुसऱ्या दिवशी कसा वागतो ते खरं.

कृष्णाकाठ: सांगलीत समुपदेशन करते, असे प्रसंग नेहमी ऐकते. वागण्याकडे बघायचं हे कोरेगावकरांचं पटतं, पण काढलेलं कारण पटत नाही. ज्याला फक्त शरीर हवं असतं तो पहिल्या किसनंतर पळत नाही, उलट जास्त गोड होतो.

किसनंतर ओढ ओसरणं हेही खरं असतं. अमेरिकेत कॉलेजच्या मुलामुलींचा एक अभ्यास 2007 मध्ये आला होता. आधी आवडलेल्या व्यक्तीबद्दलची ओढ पहिल्या किसनंतर संपल्याचा अनुभव त्यात 59 टक्के मुलांनी आणि 66 टक्के मुलींनी सांगितला. त्यात कुणाचं चुकलेलं नसतं. तुझंही नाही.

दुसरी शक्यता, जवळीक झाली की घाबरून मागे सरकणारा स्वभाव. पण तो एका रविवारवरून कळत नाही. जवळ येणं, गप्प होणं, परत गोड होणं असं दोन-तीनदा झालं तरच तसं म्हणावं.

आणि रविवारी तो घरी होता, हे विसरू नकोस. आई समोर, फोन टेबलावर. आज तो पुण्यात खोलीवर एकटा असेल, त्यामुळे आज रात्रीचं बोलणं जास्त खरं. स्वतःहून काही विचारतो का, पुढच्या भेटीचं नाव काढतो का, एवढंच बघ. नाहीच काही आलं, तर एकदाच लिही: ‘शनिवारची संध्याकाळ मला आवडली. येत्या शनिवारी भेटायचं का? मन नसेल तर तसं सांग, चालेल.’ ‘काय झालं?’, ‘रागावलास का?’ असं विचारू नकोस. त्यावर ‘काही नाही’ येतं आणि तू होतीस तिथेच राहतेस.

शाहूनगरचा: मुलाच्या बाजूने सांगतो. मेसेज नको. चार भिंतीवर संध्याकाळी अर्धा सातारा फिरायला येतो. कुणी बघितलं असेल, घरी विषय निघाला असेल. मी अशाच वेळी गप्प झालो होतो, आणि तेव्हा ‘मन नसेल तर सांग’ असं आलं असतं तर घाबरून ‘नाही’ म्हणून बसलो असतो. आठवडाभर त्याला सोड.

कृष्णाकाठ: आणि त्या आठवड्यात तिने काय करायचं? कधी ‘हम्म’, कधी एखादा गोड शब्द, असं अधूनमधून मिळालं की माणूस आणखी अडकतो, दर दहा मिनिटांनी फोन बघतो. घरी कुणाला कळलं असेल तर ‘घरी गडबड आहे, नंतर बोलतो’ एवढं लिहिता येतं.

माहुलीच्या काकू: बाळा, साखरपुडा झाल्यावर आमचे हे पण लाजून बोलेनात. सासूबाईंनी चहाला बोलावलं तेव्हा कुठे तोंड उघडलं. त्याच्या आईला भेट, सगळं सुरळीत होईल.

पोवईनाका: काकू, अजून घरी कुणालाच माहीत नाही, लग्नाचं काही ठरलेलंच नाही.

रात्री दहापर्यंत वाट बघून मेसेज केला. उत्तर आलं: ‘मलाही भारी वाटलं. शनिवारचं नक्की नाही, घरी पाहुणे आहेत.’

कोरेगावकर: पाहुणे! बघा, सांगितलं होतं.

शाहूनगरचा: पाहुणे खरेच असतील की. ‘भारी वाटलं’ हे त्याने उगाच लिहिलं नसतं.

कृष्णाकाठ: पाहुणे खरे असतीलही. माझं लक्ष दुसरीकडे आहे. शनिवार जमत नसेल तर ‘रविवारी सकाळी?’ असं त्याने विचारलेलं नाही. ज्याला भेटायचं असतं तो दुसरी वेळ सुचवतो. पण एका उत्तरावरून निकाल नको.

पोवईनाका: मग मीच रविवारचं विचारू का?

कृष्णाकाठ: नको. तू विचारलंस, आता दिवस त्याने सांगायचा.

शाहूनगरचा: मला हे अजूनही कडक वाटतं. शुक्रवारपर्यंत तरी धीर धर.

पोवईनाका: शुक्रवारपर्यंत बघते. शनिवार मात्र मोकळा ठेवत नाही, मैत्रिणीकडे वाईला जायचं ठरवलंय.