मदत हवी आहे: इंग्रजीतला 'थ' काढताना जीभ दातांत येते, तरी आवाज 'त'च निघतो

दारव्हा_गुरुजी
यवतमाळ जिल्ह्यातली खेड्यातली शाळा, सहावीचा वर्ग. 'थिन', 'थम्ब', 'बाथ' शिकवून राह्यलो. जीभ दातांच्या मधात ठेवा म्हटलं की पोरं बरोबर ठेवतात, आरशातही दिसते. पण आवाज आपला 'थ' नाहीतर 'त'. 'दिस', 'दॅट'चा तर सरळ 'द' होते. काय चुकून राह्यलं?

कापूसकोंड्या
गुरुजी, जीभ अजून बाहेर काढायला लावा. अर्धा इंच तरी दिसली पाहिजे. आणि हवा जोरात सोडायला सांगा, झालं काम.

स्वरयंत्र
कापूसकोंड्या भाऊ, जीभ दिसली पाहिजे हे बरोबर, पण अर्धा इंच नको आणि जोर तर मुळीच नको. जोर दिला की थुंकी उडते आणि पुढचा स्वर धरायला जीभ वेळेवर मागे येत नाही. दातांच्या कडेपुढे दोन-तीन मिलिमीटर टोक आलं की पुरे.

गुरुजी, तुमच्या पोरांची जीभ जागेवर आहे, पण ती दातांना दाबून बसते. आपल्या 'त, थ, द, ध'मध्ये जीभ हवा पूर्ण अडवते आणि मग एकदम सोडते. इंग्रजी आवाजात हवा अडतच नाही, जीभ आणि वरच्या दातांमधल्या फटीतून घासत निघत राहते. म्हणून 'स' जसा लांबवता येतो तसा तोही लांबवता येतो. आपला 'थ' लांबवून पाहा, लांबतो तो 'अ', 'थ' नाही.

कापसाने तपासा. सरकी काढलेल्या कापसाचा चिमूटभर पुंजका दोऱ्याला बांधून ओठांपुढे चार बोटांवर लोंबता धरा. 'थ' म्हटला की पुंजका एकदा झटका खाऊन परत येतो. हवा घासत निघाली तर तो पुढे ढकलला जातो आणि श्वास संपेपर्यंत तसाच कललेला राहतो. पोराला स्वतःची चूक डोळ्यांनी दिसते.

मग 'ससससस' म्हणायला लावा आणि आवाज न थांबवता जीभ हळूहळू दातांच्या मधात आणायला सांगा. शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज बोथट झाला की जागा सापडली. तो तीन सेकंद धरायचा, जीभ मागे ओढायची आणि लगेच 'इन'. नेमकं इथंच बिघडतं. स्वर आला की सवयीने जीभ दाबली जाते आणि '…तिन' ऐकू येतं. तसं झालं तर अख्खा शब्द कुजबुजत म्हणू द्या, आठ-दहा वेळा. 'थ्री' शेवटी घ्या, त्यात 'र'साठी जीभ फार मागे न्यावी लागते.

आर्वीची_माय
माझा नातू चार वर्षांचा आहे, 'कप'ला 'तप' म्हणते आणि 'गाय'ला 'दाय'. त्यालेही जीभ दातांत ठेवाले लावू का?

स्वरयंत्र
नाही माय. त्याची जीभ मागे जायची तिथं पुढं येते, हा अगदी उलटा प्रकार आहे. आधी कान तपासून घ्या, मग जिल्हा रुग्णालयात वाचा-उपचार करणाऱ्यांना दाखवा.

पांढरकवडा_इंग्लिश
'दिस'चं राहिलं. जीभ तीच, फटही तीच, फक्त गळा वाजतो. आधी तो बोथट आवाज चालू ठेवायचा, गळ्यावर दोन बोटं ठेवायची आणि थरथर सुरू करायची. 'द, दिस, दॅट, दे, देन' असे वाक्य जोडणारे छोटे शब्द गळा वाजवून म्हणतात, तर 'थिंक, थँक, थम्ब' न वाजवता. 'मदर', 'ब्रदर'मध्ये वाजतो, 'नथिंग'मध्ये नाही. आणि 'थॉमस', 'थेम्स'च्या स्पेलिंगात टीएच असला तरी उच्चार साधा 'ट'च. ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोरं तिथंही जीभ बाहेर काढतील.

पण मला विचाराल तर वर्गात एवढा आग्रह कशाला? आयर्लंडमध्येही पुष्कळ लोक 'थिन' दाताच्या 'त'नेच म्हणतात.

स्वरयंत्र
तिथं 'टिन' आणि 'थिन' वेगळे ऐकायची कानाला सवय आहे. बाहेरच्या माणसाला मात्र आपला 'थँक' बरेचदा 'टँक'सारखा ऐकू येतो. निदान ऐकून फरक ओळखता यावा एवढं तरी शिकवावं असं मला वाटतं.

पांढरकवडा_इंग्लिश
ओळखता यावा, हे मान्य. पण तोंडी परीक्षेत त्यापायी मार्क कापू नये.

दारव्हा_गुरुजी
कापसाचं लगेच ध्यानात आलं पोरांच्या, 'थिन' निघून राह्यला. पण 'मंथ'ला शेवटी पुन्हा 'त' होते. आणि एका पोरीचे पुढचे दोन दात पडले आहेत, तिचं काय करू?

स्वरयंत्र
'मंथ'मध्ये 'न'साठी जीभ आधीच चिकटलेली असते आणि पोरं ती तिथूनच झटक्याने सोडतात. 'न' म्हणतानाच टोक दातांच्या मधात ठेवायला सांगा, मग जीभ न उचलता फक्त सैल सोडायची. हवा आपोआप फटीतून निघते. 'मन्…' वर एक सेकंद थांबून सराव घ्या. त्या पोरीला दात येईपर्यंत फक्त ऐकून ओळखायला लावा. फट मोठी असल्यानं तिचा आवाज पातळच येणार, त्यात तिची चूक नाही.