अनुभव धागा: ओमोतेनाशी आणि ग्राहकसेवा

मुग्धा_प
हाकोने येथील एका र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी विश्रामगृहात, आम्ही सासूबाईंसह एक रात्र राहिलो. खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या नाकाई-सान चहा आणि मिठाई घेऊन आल्या, तेव्हा सासूबाई तातामी चटईवरून मेजाचा आधार घेत उठल्या, इतकेच काय ते घडले. गुडघ्यांविषयी आम्ही अवाक्षर काढले नव्हते. तरीही रात्रीच्या जेवणाला त्यांच्या जागी बुटकी खुर्ची होती, आणि जेवून परतलो तेव्हा त्यांच्या अंथरुणात एकावर एक दोन गाद्या घातलेल्या होत्या. निघताना मी हजार येन पुढे केले; त्यांनी हसून ते परत केले. मागितल्यावर मिळते ती सेवा. येथे मागण्याची वेळच आली नाही, आणि परतफेडीची अपेक्षाही नाही; ओमोतेनाशी, म्हणजे पाहुण्याची गरज आधीच ओळखून केलेले जपानी आदरातिथ्य, ते हेच. आपलेही अनुभव लिहावेत.

चहाटळ
मी तर रोजच घेतो! येथील चोवीस तास उघड्या दुकानांत शिरताच सगळे ‘इराश्शाइमासे’ म्हणून स्वागत करतात.

जुना_ओसाकाकर
ते शिकवलेले वाक्य आहे, चहाटळ. दारातून कोणीही आला तरी तेच म्हटले जाते. नाकाई-साननी जे केले ते एकाच माणसाकडे पाहून केले. चहासोबतच्या मिठाईचेही एक कारण सांगतात: प्रवासातून रिकाम्या पोटी आलेला पाहुणा लगेच गरम झऱ्याच्या स्नानाला गेला, तर त्याला भोवळ येऊ शकते. मुग्धाताई, पैशांबाबत मात्र थोडी दुरुस्ती. ‘कोकोरोझुके’, म्हणजे आभारादाखलची बक्षिसी, देण्याची जुनी रीत आहे, परंतु ते छोट्या पाकिटात घालून, शक्यतो आल्या आल्या देतात. हातात सुटी नोट ठेवत नाहीत. शिवाय सेवाशुल्क बहुधा भाड्यातच असते, त्यामुळे ‘परतफेडीची अपेक्षा नाही’ हे जपूनच म्हणावे.

वरणभात
माझा अनुभव उलटा आहे. पोहोचल्यावर आम्ही शाकाहारी असल्याचे सांगितले, तर त्यांनी अतिशय नम्रपणे असमर्थता दर्शवली, कारण सूपापासून शिजवलेल्या भाज्यांपर्यंत सर्वत्र सुक्या बोनिटो माशाचा दाशी, म्हणजे पाण्यात उतरवलेला अर्क, होता. शेवटी साधा भात आणि लोणचे खाल्ले. मनातले ओळखणारे हे लोक तोंडाने सांगितलेले का ऐकत नाहीत?

जुना_ओसाकाकर
संध्याकाळच्या जेवणाची सामग्री आणि दाशी आधीच तयार झालेली असते. आरक्षण करतानाच कळवले, तर काही ठिकाणी कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि शिताके अळंबी यांचा दाशी करतात. यजमानाने आधी विचार करून ठेवायचा, ही पद्धत आयत्या वेळच्या बदलाला कच्ची पडते, हे मात्र मान्य.

आजोळ
विषयांतर होत असेल तर क्षमस्व. आमच्या कोकणातल्या आजीकडे ‘अजून एक मोदक घेच’ हा आग्रह चाले आणि नको म्हणायला जागाच नसे. र्‍योकानमध्येही काय खायचे ते यजमानच ठरवतो. मग फरक केवळ आवाजाचा का?

मुग्धा_प
सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “आग्रह झाला असता तर मी खुर्ची नकोच म्हटले असते.”