मदत हवी आहे: डायरेक्टरच्या पगाराचा टीडीएस १९४जे मध्ये कापलाय

बायको एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत पूर्णवेळ डायरेक्टर आहे. नेमणुकीचा करार आहे, महिना ६०,००० पगार. कंपनीच्या अकाउंटंटने २०२४-२५ मध्ये दरमहा १०% म्हणजे ६,००० कलम १९४जे खाली कापले. त्याचं म्हणणं, "डायरेक्टर म्हटलं की १९४जे." सिटिंग फीला ते पहिल्या रुपयापासून लागतं, मान्य, पण हा तर पगार, म्हणजे १९२ ना?

पगार धरला तर ७५,००० वजावटीनंतर ६,४५,००० उरतात, नव्या पद्धतीत कर शून्य. व्यावसायिक उत्पन्न धरलं तर कर बसतो.

फॉर्म १६ नाही, २६एएसमध्ये १९४जे दिसतंय. तरी रिटर्नमध्ये पगार दाखवला तर नोटीस येते का? की आधी कंपनीकडून टीडीएस रिटर्न दुरुस्त करून घ्यावं? कोणी केलंय का?